परतीच्या पावसाच्या फोटोत इंद्रधनुष्य: कामाच्या नोंदी (सोलापूर)

३ ऑक्टोबर

आतेभावाचं कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी ते ग्राहकांना दिनदर्शिका वाटतात आणि तिची पानं मी लावून देतो. या वेळी सप्टेंबरच्या पानासाठी त्याने स्वतः काढलेला फोटो दिला आहे. तुळजापूर रस्त्याकडचं त्याचं रान, २४ सप्टेंबर, दुपारचे ४ वाजून ५५ मिनिटं. पाठीमागून ऊन, समोर पूर्वेला काळा ढग आणि त्याखाली पावसाचा करडा पडदा. ज्वारीसाठी तयार केलेलं ओलं रान उन्हात चमकतंय. डावीकडे विजेचा खांब आणि तारा, लांबवर बाभळींची रांग.

त्याचं म्हणणं, फोटो काढल्यावर दहा मिनिटांनी कमान उमटली, पण तोवर सर आली म्हणून कॅमेरा पिशवीत गेला होता. "ती कमान घाल. नाही जमलं तर वीज तरी टाक बे."

वीज टाकायची नाही, हे लगेच ठरवलं. वीज स्वतःच उजेड देते. ती आकाशात आली की ढगाचं पोट, खांबाची कड, ओली माती, सगळ्यावर तिचा उजेड पडायला हवा. या फोटोत रान आधीच उन्हाने भरलेलं आहे, त्यामुळे तिथे विजेचा उजेड दिसणारच नाही आणि वीज आकाशावर चिकटवल्यासारखी वाटेल. रात्रीच्या, लांब एक्सपोजरच्या फोटोला वीज शोभते. इथे ऊन आणि पाऊस समोरासमोर आहेत, तेव्हा इंद्रधनुष्याचीच जागा आहे.

एक अट मी घातली आणि त्याने मान्य केली: पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "इंद्रधनुष्य संगणकावर घातले आहे" असं छापायचं. दिनदर्शिका शेतकऱ्यांच्या घरी लागणार. आभाळ रोज वाचणाऱ्या माणसांना खोटं आभाळ खरं म्हणून द्यायचं नाही. आणि घालायचं ते असं घालायचं की त्या माणसांच्या नजरेला ते खटकणार नाही.

४ ऑक्टोबर

आधी पाहिलं की या वेळी या दिशेला कमान शक्य तरी होती का. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोब्बर उलट दिशेच्या बिंदूभोवती ४२ अंशांवर दिसतं. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तो बिंदू तितकाच क्षितिजाच्या खाली. म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर सपाट रानात उभ्या माणसाला कमान दिसत नाही, ती पूर्ण जमिनीखाली जाते. सप्टेंबरच्या शेवटी सोलापुरात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ ७२ अंशांवर असतो आणि ४२ च्या खाली यायला सव्वातीन-साडेतीन होतात. त्याआधीच्या फोटोत कमान घातली तर ती चूकच, कितीही सुंदर दिसली तरी.

आपला फोटो ४:५५ चा. त्या वेळी सूर्य साधारण २० अंशांवर होता आणि पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला होता. म्हणजे कमानीचा मध्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला, क्षितिजाखाली २० अंश. कमानीचा माथा क्षितिजावर ४२ वजा २०, म्हणजे २२ अंश. सगळं जुळतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, तेही विचारून घेतलं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक चालतो, कारण या वेळी सूर्य दहा मिनिटांत अडीच अंशांपेक्षा कमीच उतरतो. पण कुणाच्या कॅमेऱ्यात तासांचाच घोळ असेल तर पुढचं सगळं गणित वाया जाईल.

५ ऑक्टोबर

आतेभाऊ फोन करून म्हणाला, "खाली माझी सावली आलीय, ती तेवढी काप." मी म्हटलं, अजिबात कापायची नाही. ती सावली या फोटोतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची, खरं तर कॅमेऱ्याची, सावली पडते तोच सूर्याच्या उलट दिशेचा बिंदू. कमानीचा मध्य फोटोत आयता दाखवलेला आहे.

सावलीचं डोकं पिक्सेलमध्ये मोजलं. फोटो ६००० × ४००० चा, मधला बिंदू (३०००, २०००). सावलीचं डोकं (३३००, ३४५०) वर. क्षितिज जवळजवळ २००० व्या ओळीवर आहे, म्हणजे कॅमेरा सपाट धरला होता. लेन्स २४ मिमी, सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणून पिक्सेलमधलं फोकल अंतर २४ ÷ ३६ × ६००० = ४०००. सावलीवरून कोन काढला तर क्षितिजाखाली १९.९ अंश आला. काल घड्याळावरून २० आला होता. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

ज्यांच्या फोटोत सावली नाही त्यांनी खांब, झाडं यांच्या जमिनीवर पडलेल्या सावल्या रेषा काढून पुढे वाढवाव्यात. सपाट जमिनीवरच्या उभ्या वस्तूंच्या सावल्या क्षितिजावर ज्या बिंदूकडे जातात, त्याच्या सरळ खाली कमानीचा मध्य असतो. किती खाली, ते वेळेवरून काढायचं. सावल्या एकीकडे जातायत आणि कमान दुसरीकडे मध्य धरून बसलीय, ही अशा चित्रांतली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. पाहणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळतं.

मूळ फाइल न कापता, न वळवता ठेवायची. लेन्सची वक्रता सुधारायची असेल तर ती सगळ्यात आधी. कापाकापी शेवटी.

८ ऑक्टोबर

गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या पद्धतीने काळ्या लेयरवर गोल ग्रेडियंट काढून पाहिला. मध्य सावलीच्या डोक्यावर, त्रिज्या माथ्याच्या उंचीवरून ३०७९ पिक्सेल. माथा बरोबर बसला, पण पाय चुकले. डावा पाय क्षितिजाला ५८४ व्या स्तंभावर टेकला, म्हणजे विजेच्या खांबाच्या उजवीकडे. खांब ५०० वर आहे. आतेभावाला खरी कमान आठवते ती "खांबाच्या डाव्या अंगाला, बाभळीतून वर आलेली". तो फोटो काढला तिथेच उभा होता. दहा मिनिटांत सूर्य खाली गेल्याने कमान थोडी रुंदावली आणि मध्य थोडा उजवीकडे सरकला. डाव्या पायापुरते हे दोन्ही बदल जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून त्याच्या आठवणीवर भरवसा ठेवता येतो.

चूक गोलात आहे. आकाशात कमान गोल असते, पण रुंद लेन्स सरळ रेषा सरळ ठेवण्यासाठी कडेचा भाग ताणते. त्यात फोटोचा मध्य आणि कमानीचा मध्य वेगवेगळे असले की गोलाचा लंबगोलासारखा आकार होतो. लांब लेन्सवर हा फरक डोळ्याला दिसत नाही, २४ मिमीवर ठळक दिसतो.

म्हणून हाताने काही काढायचं नाही असं ठरवलं. प्रत्येक पिक्सेल कमानीच्या मध्यापासून किती अंशांवर आहे ते पायथॉनमध्ये काढायचं आणि त्या अंशावरून रंग द्यायचा.

```python
import numpy as np
W, H, f = 6000, 4000, 4000.0
cx, cy = 3000, 2000
sx, sy = 3300, 3450
d = np.array([sx-cx, sy-cy, f])
d /= np.linalg.norm(d)
y, x = np.mgrid[0:H, 0:W].astype(np.float32)
vx, vy = x-cx, y-cy
c = (vx*d[0] + vy*d[1] + f*d[2]) / np.sqrt(vx**2 + vy**2 + f*f)
theta = np.degrees(np.arccos(np.clip(c, -1, 1)))
```

`sx, sy` म्हणजे सावलीचं डोकं. `theta` मध्ये प्रत्येक पिक्सेलचा कोन येतो. ४२ अंशांची रेषा काढली तर डावा पाय ३५२ व्या स्तंभाच्या आसपास टेकला, खांबाच्या डावीकडे, बाभळींवर. उजवीकडे तर कमान क्षितिजाला टेकतच नाही, सुमारे ६४० पिक्सेल वर असतानाच चौकटीबाहेर जाते. गोल ग्रेडियंटमध्ये ती जवळजवळ क्षितिजापर्यंत उतरून आली होती. आतेभावाला दोन्ही चित्रं न सांगता दाखवली. त्याने हेच निवडलं.

२४ मिमीच्या आडव्या फोटोत दोन्ही पाय एकदम मावणं कठीण आहे, हेही यातून कळलं. सूर्य २० अंशांवर असताना क्षितिजावर दोन पायांमधलं अंतर ७५ अंश होतं आणि ही लेन्स आडवी ७४ च्या आत दाखवते. सूर्य इतका खाली असताना ५० मिमीच्या फोटोत पूर्ण कमान दिसली तर ती घातलेली आहे, हे नुसतं बघून सांगता येतं.

११ ऑक्टोबर

रंग. शाळेतल्या तक्त्यासारखे सात वेगळे पट्टे इथे चालत नाहीत. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे प्रत्येक रंग शेजारच्यावर सांडतो. पूर्ण पट्टा जेमतेम दोन अंशांचा असतो. लाल बाहेर ४२.४ च्या आसपास, जांभळा आत ४०.६ च्या आसपास. लाल कड सगळ्यात स्पष्ट असते. निळा-जांभळा आतल्या उजेडात विरून जातो.

```python
def band(m, w):
    return np.exp(-((theta-m)/w)**2)
bow = np.dstack([0.060*band(42.2, 0.55),
                 0.050*band(41.6, 0.55),
                 0.035*band(40.9, 0.60)])
```

तिन्ही घंटाकार वक्र एकमेकांवर चढतात आणि पिवळा, हिरवट-निळा आपोआप मधे तयार होतात. ०.०६ वगैरे आकडे उजेडाचे आहेत, पडद्यावरच्या किमती नव्हेत. त्याचं पुढच्या नोंदीत.

याशिवाय दोन गोष्टी घातल्या. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ असतं, कारण थेंबांतून परतणारा बराच उजेड ४२ अंशांच्या आत पसरतो. म्हणून आत सगळीकडे ०.०१२ इतका पांढरट उजेड घातला, पट्ट्याजवळ किंचित जास्त. बाहेर काहीच घातलं नाही. काही जण तिथे मुद्दाम काळं करतात, तसं करू नये. मुख्य आणि दुसऱ्या कमानीमधला तो पट्टा काळोखा दिसतो तो दोन्ही बाजू उजळल्यामुळे.

दुसरी कमान ५० ते ५३ अंशांमध्ये, रंग उलटे, लाल आत. तिचा माथा या चौकटीच्या वर जातो. फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात तिचा तुकडा येतो आणि उजव्या कोपऱ्यात जेमतेम स्पर्श. ती मुख्य कमानीच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवली. घालू की नको यावर बराच विचार केला. शेवटी घातली, कारण मुख्य कमान इतकी स्पष्ट असताना काळ्या ढगावर दुसरीचा मागमूसही नसणं पटत नव्हतं.

उन्हाचा रंगही धरला. रानातल्या मोटारीच्या खोलीची पांढरी भिंत उन्हात आहे. तिचे लाल, हिरवा, निळा वाचून त्या प्रमाणात तिन्ही वक्र गुणले, निळा थोडा घटला. सूर्य मावळतीला टेकला असेल तर हा टप्पा टाळता येणार नाही. तेव्हा उन्हातच निळं उरत नाही, त्यामुळे कमान जवळजवळ लालच असते.

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस मिसळण्यावर गेला. लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी साध्या `Normal` मोडमध्ये ४० टक्के ओपॅसिटी ठेवून पाहिलं. काळ्या ढगावर बरं दिसलं. पण कमान जिथे ढगाच्या पांढऱ्या कडेवरून जाते तिथे ढग मळकट पिवळा, मग मळकट हिरवा झाला, रंगीत जिलेटिनचा कागद लावल्यासारखा. कारण सरळ आहे. `Normal` मध्ये खालचा उजेड झाकून त्या जागी रंग येतो. पिवळ्या रंगात निळा कमी, म्हणून पांढऱ्या ढगातला निळा खाली ओढला जातो. खरी कमान काही झाकत नाही. मागच्या ढगाचा उजेड येतच असतो, थेंब त्यात आपला उजेड मिळवतात. म्हणजे ही बेरीज आहे, आणि कमानीला झाकणारी अशी अपारदर्शकता नाहीच.

यावरून एक पक्की चाचणी मिळाली: घातल्यानंतरच्या चित्रातून मूळ चित्र वजा करा. लाल, हिरवा, निळा, कुठल्याही वाहिनीत एकही पिक्सेल मूळापेक्षा कमी झालेला नसावा. `Normal` च्या चित्रात ढगाची सगळी कड निळ्या वाहिनीत उणे निघाली.

मग `Addition` वापरलं. मळकटपणा गेला, पण पांढऱ्या ढगावर कमान काळ्या ढगाइतकीच ठसठशीत राहिली. रंग चुना मारल्यासारखे फटफटीत. इथे बेरीज योग्य असूनही आकडे चुकीचे मिळवले जात होते. फोटोच्या फाइलमधली किंमत म्हणजे उजेड नव्हे. डोळ्याच्या सोयीसाठी ती वाकवलेली असते. तिला आधी उजेडात बदलायचं, मग मिळवायचं, मग परत वाकवायचं.

एका ठिकाणचं गणित मांडतो. काळ्या ढगाचा करडा १२० (२५५ पैकी). उजेडात तो ०.१८८ होतो. कमानीचा लाल ०.०६ मिळवला की ०.२४८, आणि परत फाइलच्या किमतीत १३६. सोळाचा फरक, डोळ्याला छान दिसतो. आता पांढऱ्या कडेचा २२५ घ्या. उजेडात ०.७५३, मिळवून ०.८१३, परत २३३. फक्त आठचा फरक, आणि तोही आधीच उजळ असलेल्या जागी, म्हणून जवळजवळ दिसत नाही. फाइलच्या किमतीतच सोळा मिळवले असते तर तिथे २४१ आले असते, आणि तेच फटफटीत दिसत होतं. पांढऱ्या ढगापुढे कमान फिकट होते आणि काळ्यापुढे उठून दिसते. हे वेगळं रंगवावं लागत नाही, बेरीज उजेडात केली की आपसूक होतं.

```python
lin = np.where(s <= 0.04045, s/12.92, ((s+0.055)/1.055)**2.4)
out = np.clip(lin + bow*mask[..., None], 0, 1)
out = np.where(out <= 0.0031308, out*12.92, 1.055*out**(1/2.4)-0.055)
```

`s` म्हणजे ० ते १ मध्ये आणलेला मूळ फोटो. `mask` पुढच्या नोंदीत. गिंपमध्येच करायचं असेल तर फाइल ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये न्या, कमानीच्या लेयरचा मोड `Addition` करा आणि त्याच लेयरचं `Blend Space` हे `RGB (linear)` निवडा. तिथे `RGB (perceptual)` राहिलं की वर लिहिलेलं फटफटीत चित्र येतं.

बेरजेचा आणखी एक फायदा म्हणजे ढगाचा पोत आणि फोटोतला बारीक दाणा तसाच राहतो. झाकणाऱ्या लेयरखाली तो दबतो आणि कमान गुळगुळीत प्लास्टिकची दिसते.

१६ ऑक्टोबर

मास्क, म्हणजे कुठल्या जागी किती कमान घालायची त्याचा नकाशा. आतापर्यंत कमान आकाशभर सारखी होती. खरी कमान फक्त तिथे, जिथे पाऊस आहे आणि त्या पावसावर ऊन आहे. फोटोत वर उजवीकडे निळ्या आकाशाची एक पट्टी आहे. तिथे पाऊस नाही, म्हणून मास्क शून्य. डावीकडे पावसाचा पडदा दाट, तिथे पूर्ण. मधे माथ्याकडे ढगाच्या तळाजवळ निम्मा. मऊ मोठ्या ब्रशने हाताने रंगवलं आणि दीडशे पिक्सेलचा ब्लर दिला. पावसाच्या रेघा मास्कमध्ये आणून पाहिल्या. कमान खाजवल्यासारखी दिसली, काढून टाकल्या. दूरचा पाऊस कमानीत हळूहळू कमी-जास्त होतो, रेघांसारखा नाही.

क्षितिजाखाली काय, हा प्रश्न राहिला. कमान क्षितिजावर थांबलीच पाहिजे असं नाही. बाभळींची रांग किलोमीटरभर लांब आहे आणि पाऊस तिच्या अलीकडेही असू शकतो, म्हणून कमान बाभळींवरून फिकट जाऊ शकते. तिथे मास्क ०.४ ठेवला. अलीकडच्या रानावर पाऊस नव्हता, तिथे शून्य, आणि मधला उतार मऊ. झाडांच्या शेंड्यावर कात्रीने कापल्यासारखी संपणारी कमान हे नकलेचं दुसरं मोठं लक्षण.

खांब आणि तारा मात्र जवळ आहेत, चाळीसेक मीटरवर. कमान त्यांच्या मागूनच गेली पाहिजे. खांब निवडून कापणं सोपं. तारा दोन-तीन पिक्सेलच्या, कडा अर्ध्या तारेच्या, अर्ध्या आकाशाच्या. निवड करून कापल्या तर तारेभोवती रंगाची किनार राहते किंवा तार जाडी होते. यात पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी तारेचं स्वतःचं काळेपणच मोजमाप म्हणून वापरलं. तारांच्या आसपासच्या पट्टीत आकाशाचा उजेड एक धरला, तारेच्या मध्याचा शून्य, आणि मधला प्रत्येक पिक्सेल त्या प्रमाणात. पिक्सेल जितका आकाशाचा, तितकाच कमानीचा वाटा. हे उजेडाच्या आकड्यांवरच करायचं, फाइलच्या किमतींवर केलं की तारा पुन्हा जाड होतात. २०० टक्क्यांवर पाहिलं, तारा स्वच्छ.

पट्टी फक्त तारांपुरती ठेवा. पूर्ण आकाशावर हा नियम लावला तर काळा ढगही तारच समजला जातो आणि नेमकं तिथेच, जिथे कमान सगळ्यात छान दिसायला हवी, ती नाहीशी होते.

१८ ऑक्टोबर

छापखान्यातून ए-३ प्रूफ काढलं, ८० रुपये. दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, काळ्या ढगावर कमानीच्या आतल्या बाजूला पायऱ्या. मी बेरजेनंतर लगेच ८ बिटची जेपीजी काढली होती आणि इतका मंद चढ २५५ पायऱ्यांत मावत नाही. छापखान्याला १६ बिट टिफ द्यायची ठरलं. त्यांनी टिफ घेतली, पण शेवटी त्यांची यंत्रणा ८ बिटवरच आणते. म्हणून ८ बिटवर आणण्याआधी मी स्वतःच चढाच्या जागी अगदी बारीक दाणा घातला, पायरीच्या उंचीइतकाच. पायऱ्या दाण्यात मोडल्या.

दुसरी, जांभळा कागदावर राहिलाच नाही, निळाही करडा पडला. चार शाईच्या छपाईत असा मंद निळा-जांभळा नीट निघत नाही. निळ्याचा ०.०३५ वाढवून ०.०५ करून पाहिला. कागदावर थोडा उजळला, पण पडद्यावर कमान परीकथेतली वाटायला लागली, आणि आतेभाऊ ही फाइल व्हॉट्सॲपवरही पाठवणार आहे. ०.०३८ वर थांबलो. खऱ्या कमानीतही जांभळा आतल्या उजेडात फिकटच असतो, तेव्हा कागदावर तो कमी दिसला तर चालेल.

२१ ऑक्टोबर

दुसरं प्रूफ, पुन्हा ८० रुपये. पायऱ्या नाहीत. वजाबाकीची चाचणी पुन्हा घेतली. कमानीच्या पट्ट्यात उणे कुठेच नाही, चढाच्या जागी दाण्याची एक पायरी खाली-वर तेवढी सापडली. तळाला सूचना छापली आहे.

आता सावली कापता येते. आतेभावाने खालून कापून रुंद चौकट मागितली, ती दिली. कमान आधीच बसवलेली असल्याने कापल्याने काही बिघडत नाही. फक्त डावा पाय चौकटीत राहील इतकं पाहिलं.

तो म्हणाला, दुकानाच्या फ्लेक्ससाठी मोबाइलवर काढलेला असाच एक फोटो आहे, त्यातही हीच कमान चिकटव. चिकटवून चालणार नाही. त्या फोटोची लेन्स वेगळी, वेळ वेगळी. फोटोच्या माहितीत ३५ मिमीच्या तुलनेतलं फोकल अंतर लिहिलेलं असतं. ते ४३.३ ने भागून फोटोच्या कर्णाच्या पिक्सेलनी गुणलं की `f` येतो. `W`, `H`, `cx`, `cy` त्या फोटोचे आणि `sx`, `sy` नव्याने मोजायचे. मास्क पूर्ण नवा. त्यात सावली चौकटीबाहेर आहे, म्हणून फोटो काढल्याची वेळ आणि खांबाच्या सावलीची दिशा त्याच्याकडून मागवली आहे. त्या वेळी सूर्य ४२ अंशांहून वर होता असं निघालं तर त्या फोटोत कमान घालणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय.